पळत गेली की पळून गेली?

शाळेच्या वार्षिक अंकासाठी क्रीडादिनाचा अहवाल मुलांकडून लिहून घ्यायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. या खेपेला अहवाल लिहिणारी मुलगी नववीतली होती. दीड पानाचा मजकूर, अक्षर टपोरं आणि निकालात एकही चूक नाही. पण त्या दीड पानात ‘धावणे’ हे क्रियापद सतरा वेळा आलं होतं. तिचं तिलाच ते खटकलेलं होतं. अंकाच्या इंग्रजी विभागासाठी तिच्या मैत्रिणीने याच दिवसावर लिहिलेलं पान तिने सोबत आणलं होतं. त्यात मोठी मुलं सकाळी ‘जॉग’ करत होती, शंभर मीटरला ‘स्प्रिंट’ करत होती, रिले शर्यतीत एक मुलगी ‘डॅश’ करत होती आणि बालवाडीतली पोरं ‘स्कॅम्पर’ करत होती. चार प्रसंगांना चार क्रियापदं होती.

“बाई,” ती म्हणाली, “इंग्रजीत एवढे शब्द आहेत, मग आपल्याकडे धावणे आणि पळणे असे दोनच का?”

त्या दोन पानांवर आम्ही दोघींनी तीन दिवसांच्या मधल्या सुट्ट्या घालवल्या. हे प्रकरण त्यातूनच झालं आहे.

तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त शब्द शोधायची जागा चुकली होती. इंग्रजी आणि मराठी हालचालीचं वर्णन वेगवेगळ्या ठिकाणी साठवून ठेवतात. लेनर्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने हा फरक 1985 साली नीट मांडला. कोणतीही हालचाल सांगताना निदान दोन गोष्टी सांगायच्या असतात. एक म्हणजे वाट, आत की बाहेर, वर की खाली. दुसरी म्हणजे ढब, म्हणजे चालत, धावत, लंगडत की रांगत. इंग्रजी ढब क्रियापदातच कोंबते आणि वाट शेजारच्या एखाद्या छोट्या शब्दावर सोपवते. मराठीचा कल उलटा आहे. ‘ती धावत वर्गात शिरली’ या वाक्यात मुख्य क्रियापद ‘शिरली’ आहे, म्हणजे वाट आहे. ढब ‘धावत’ या शब्दात, बाजूला आहे. स्पॅनिश आणि फ्रेंच भाषाही बऱ्याच अंशी असंच करतात. ज्या भाषा ढब क्रियापदात ठेवतात त्यांच्याकडे ढबीची क्रियापदं भाराभर जमतात. आपल्याकडे ती कमी आहेत, पण क्रियापदाच्या शेजारी बसणाऱ्या शब्दांची मात्र रेलचेल आहे. सुसाट, तुरुतुरु, दुडूदुडू, धूम, झपाझप, लगालगा, जीव खाऊन, दम राखून असे कितीतरी शब्द सांगता येतील. ‘स्प्रिंट’ला एक मराठी क्रियापद शोधणाऱ्याला ते मिळत नाही ते यामुळे. शोधायचं असतं क्रियापदाच्या अलीकडे आणि पलीकडे.

अलीकडे-पलीकडे जाण्याआधी ती दोन क्रियापदं मात्र नीट बघितली पाहिजेत, कारण ती एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत.

‘धावणे’ आलं संस्कृत ‘धाव्’ धातूवरून. त्याचा अर्थ वेगाने जाणं. ‘पळणे’च्या मागे ‘पलायते’ आहे. ‘परा’ म्हणजे दूर आणि त्याला जोडलेलं जाणं, त्यात ‘र’चा ‘ल’ झालेला. आपला ‘पलायन’ शब्द त्याच घरातला. त्यामुळे पहिल्या क्रियापदाचं तोंड कशाच्या तरी दिशेला आहे आणि दुसऱ्याची कशाकडे तरी पाठ आहे. मदतीला आपण धावतो, संकटातून पळतो. क्रिकेटमध्ये धाव निघते, फलंदाज धावबाद होतो, फलकावर धावसंख्या लागते. ‘पळ’ मात्र काढला जातो, आणि तो काढणारा पळपुटा ठरतो.

एवढ्यावर भागलं असतं तर नियम सोपा होता. पण क्रीडादिनाच्या मैदानावर उभं राहून कान दिले तर दोरीपलीकडची मुलं ओरडत असतात ती “पळ! पळ!” असं. “धाव! धाव!” असं ओरडलेलं मी क्वचितच ऐकलं आहे. बोलण्यात, विशेषतः पश्चिम महाराष्ट्रात, ‘पळणे’ने पाठ फिरवण्याचा अर्थ केव्हाच टाकून दिला आहे आणि ते साधं, रोजचं, अंगमेहनतीचं क्रियापद झालं आहे. वऱ्हाडात ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून तिथे पोरगा ‘पयाला’. (गोव्यात मात्र जपून. कोकणीत ‘पळय’ म्हणजे ‘बघ’, आणि धावण्याला ‘धांवप’ म्हणतात.) लिहायला बसलो की आपण ‘धावणे’कडे वळतो, कारण कागदावर ‘पळणे’ला जुना वास परत येतो. माझ्या विद्यार्थिनीने सतरा वेळा ‘धावणे’ लिहिलं ते याच भीतीने. मैदानावर ती स्वतः “पळ” असंच ओरडत होती.

ती भीती अगदीच अनाठायी नव्हती. खाडाखोड करताना तिने एका ठिकाणी ‘धावत गेली’ खोडून वर लिहिलं होतं: ‘सातवीची विद्यार्थिनी अंतिम रेषेकडे पळून गेली.’ मी ते तिला मोठ्याने वाचायला सांगितलं. अर्ध्यातच तिचा हात तोंडावर गेला.

‘पळत’ आणि ‘पळून’ यांच्यात एका प्रत्ययाचं अंतर आहे. ‘-त’ लावला की क्रिया चालू राहते आणि पुढच्या क्रियापदाची ढब सांगते. पळत गेली म्हणजे कशी गेली, तर पळत. ‘-ऊन’ लावला की अनेकदा दोन्ही क्रियापदं मिळून तिसराच अर्थ तयार होतो. पळून गेली म्हणजे घर सोडून गेली, किंवा कोणाचा तरी हात धरून गेली. ‘धावणे’चंही तसंच आहे. धावत गेला तो घाईत होता. धावून गेला तो कोणाच्या तरी मदतीला गेला, नाही तर कोणाच्या तरी अंगावर. शर्यतीत पडलेल्या मुलाजवळ क्रीडाशिक्षक ‘धावून गेले’ हे बरोबर, पण पहिला नंबर काढणारा मुलगा रेषेपर्यंत ‘धावून गेला’ हे चूक. ‘पळवणे’ही असंच निसरडं आहे. “सरांनी आज लई पळवलं” हे बोलताना कोणालाही कळतं. छापील अंकात ‘सरांनी मुलांना पळवले’ असं आलं तर पालकांचे फोन येतील. तिथे ‘पळायला लावले’ म्हणावं लागतं.

आता त्या चार प्रसंगांकडे येऊ.

सकाळी साडेसातला, फक्कीने आखलेल्या रेषा अजून ओल्या मातीवर ठळक असताना, मोठ्या वर्गांची मुलं मैदानाभोवती हळूहळू धावत होती. इंग्रजी पानावर त्याला ‘जॉग’ म्हटलं होतं. या शब्दाचा मूळ अर्थ हलणं, हिसके बसणं, असा आहे. व्यायामाचा प्रकार म्हणून तो जगभर पसरला 1960च्या दशकात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 साली न्यूझीलंडला गेले होते. तिथे आर्थर लिडियार्ड यांनी सर्व वयांच्या सामान्य माणसांना संथ धावायला लावलेलं त्यांनी पाहिलं आणि ती कल्पना ते अमेरिकेत घेऊन आले. आपल्याकडे ‘जॉगिंग’ हा शब्दच आला आणि राहिला. मुंबईत वांद्र्याला तर त्याच्या नावाची बाग आहे. पण मराठीने त्याचं क्रियापद केलं नाही. आपण जॉगिंगला जातो, जॉगिंग करतो.

मग शाळेच्या मैदानावर त्याच क्रियेला काय म्हणतात? क्रीडाशिक्षक काय म्हणाले ते तिला आठवत होतं: “ग्राउंडला दोन राउंड मारा, दमानं!” मराठीतला खरा ‘जॉग’ हाच आहे. चक्कर मारणे, फेरी मारणे, राउंड मारणे. यात पायाच्या ढबीचा उल्लेखच नाही. मैदानाभोवतीच्या वर्तुळाचा आहे, आणि वेग सांगायचं काम ‘दमानं’ या एका शब्दाकडे आहे. हा ‘दम’ फार कामाचा शब्द आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम राखायचा असतो, दम टिकवायचा असतो, आणि चुकलं तर दम लागतो. वेग, श्वास आणि धीर या तिन्ही गोष्टी त्याने एकाच मुठीत धरल्या आहेत. ‘मुलांनी मैदानाला दमाने दोन फेऱ्या मारल्या’ हे वाक्य तयार झालं आणि सतरापैकी एक ‘धावणे’ कमी झालं.

दुसरा प्रसंग शंभर मीटरचा. इथे तिने ‘भरधाव’ लिहून पाहिलं होतं. हा शब्द तुम्ही गेल्या महिन्यात कुठे वाचला ते आठवून पाहा. बहुधा अपघाताच्या बातमीत, ट्रकच्या किंवा मोटारीच्या आधी. ‘भरधाव’ घोड्यांसाठी होता, तिथून वाहनांकडे गेला, आणि आता त्याच्याबरोबर धडक येतेच. शिवाय ‘भरधाव धावली’ यात धाव दोनदा झाली. ‘धूम ठोकली’ हेही तिने लिहिलं होतं, पण धूम चोर ठोकतो. शिट्टी वाजताच आठही मुलींनी धूम ठोकली, असं म्हटलं की काहीतरी चोरून त्या निघाल्या असं वाटतं. गंमत म्हणजे नुसतं ‘धूम पळाली’ म्हटलं तर हा डाग राहत नाही, तो ‘ठोकणे’मुळे लागतो. ‘सुसाट’ चालतो. त्यात वाऱ्याचा आवाज आहे, दोष नाही. वर्तमानपत्रांना हीच अडचण येते, आणि त्यांनी तिच्यावर एक खास तोडगा काढला आहे. ते वेग क्रियापदात न घालता माणसाच्या नावात घालतात. नाशिक जिल्ह्यातल्या कविता राऊत ‘सावरपाडा एक्सप्रेस’ झाल्या, साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर ‘माणदेशी एक्सप्रेस’ झाल्या. नावातच गाडी आली की पुढे साधं ‘धावली’ लिहिलं तरी वेग कमी पडत नाही.

आमच्या शर्यतीला मात्र एक्सप्रेस नको होती. पहिली मुलगी 14.2 सेकंदांत आली, दुसरी 14.6 सेकंदांत. अहवालात लिहिलं होतं, ‘अगदी थोडक्यात जिंकली’. आम्ही हिशेब केला. दुसरी मुलगी सेकंदाला सरासरी 6.85 मीटर जात होती. पहिली रेषेवर पोहोचली तेव्हा दुसरीला अजून 0.4 सेकंद लागणार होते, म्हणजे ती जवळपास पावणेतीन मीटर मागे होती. आपल्या नेहमीच्या वर्गखोलीच्या रुंदीचा जवळपास निम्मा भाग. हाताने दाबलेल्या घड्याळात थोडी चूक असते, ती धरली तरी दोन मीटर उरतातच. त्याला ‘थोडक्यात’ म्हणता येत नाही. नियमाप्रमाणे रेषा ओलांडते ती छाती, डोकं किंवा हात नव्हे. त्यामुळे छातीभर अंतर असतं तर ‘थोडक्यात’ शोभलं असतं. इथे शब्द हवा होता ‘मागोमाग’. ढबीचा शब्द निवडताना तो नुसता छान वाटून चालत नाही. घड्याळाशी त्याचा मेळ बसतो का, ते पाहता येतं आणि पाहायला हवं.

मला सगळ्यात आवडला तो तिसरा प्रसंग. मुलींची चार गुणिले शंभर मीटर रिले, आणि शेवटचा बदल. बॅटन देण्याघेण्यासाठी फक्कीने आखलेला पट्टा असतो. आताच्या नियमानुसार तो 30 मीटरचा असतो, आणि बॅटन त्याच्या आतच हातातून हातात गेला पाहिजे. घेणारी मुलगी बॅटन येईपर्यंत थांबून राहत नाही. मागची मुलगी ठरलेल्या खुणेजवळ आली की ती मागे न बघता निघते, वेग घेते, हात मागे करते, आणि तळव्यात बॅटन आला की मग जीव खाऊन पळते. या एका प्रसंगात धावण्याच्या दोन पायऱ्या आहेत. इंग्रजी पानावरच्या ‘डॅश’मध्ये फक्त दुसरी होती. हा शब्द मुळात आदळणं, जोराने मारणं या अर्थाचा आहे, त्यामुळे त्यात एकदम झालेली हालचाल आहे, आधीची तयारी नाही.

मराठीत या दोन पायऱ्या क्रियापदाच्या पलीकडे लागणारी सहायक क्रियापदं सांगतात. ‘धावू लागली’ म्हणजे सुरुवात झाली, हळूहळू वेग आला. ‘धावत सुटली’ म्हणजे एकदम निघाली आणि आता थांबण्याचं नाव नाही. ‘सुटणे’मध्ये दोरी तुटल्याचा, बाण निघाल्याचा भाव आहे. त्याहून जोरकस रचना बोलीत आहे: ‘जी सुटली ती थेट रेषेपाशीच थांबली.’ एका ‘जी... ती’ने शेवटचे सगळे शंभर मीटर उभे राहतात. मी तिला विचारलं, “शेवटची मुलगी आधी काय करत होती?” ती म्हणाली, “मागे न बघता पळायला लागली होती.” “आणि मग?” “बॅटन हातात पडला आणि बाई, ती जी सुटली!” मी म्हटलं, “अगं, मग हेच लिही की.”

इथे व्याकरणाची एक खाच लक्षात ठेवावी लागते. तिला ‘मुसंडी मारणे’ही वापरायचं होतं, कारण शेवटची मुलगी तिसऱ्या क्रमांकावरून पहिल्यावर आली होती. तो शब्द तिथे चपखल आहे. मुसंडी नुसत्या वेगाची नसते, समोरच्यांना मागे टाकत घुसण्याची असते. पण तिने लिहिलं होतं ‘ती मुसंडी मारली’. ‘धावणे’ला ‘ने’ लागत नाही, ‘ती धावली’. नाम आणि क्रियापद मिळून जे प्रयोग होतात त्यांत मात्र ‘ने’ येतो आणि क्रियापद त्या नामाच्या लिंगाने चालतं. तिने मुसंडी मारली, तिने धाव घेतली, त्याने पळ काढला. धावणाऱ्याचं लिंग इथे कामाला येत नाही. मुलगा असला तरी ‘त्याने मुसंडी मारली’च.

चौथा प्रसंग बालवाडीचा. तीस मीटरची धाव, रंगीत झेंडे लावलेले, आणि दोन्ही बाजूंना पालक. ‘स्कॅम्पर’ची मुळं छावणी सोडून पळण्यात आहेत असं मानतात. आज त्यात उंदीर, खार किंवा लहान पोराची लगबग उरली आहे. इथे मराठीला काहीच कमी नाही, उलट निवड करावी लागते. लुटुलुटु चालतं ते नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल. दुडूदुडू धावतं ते दोन-तीन वर्षांचं, ज्याचं सगळं अंग पावलागणिक वरखाली होतं. तुरुतुरु धावण्यात पावलं छोटी, झटपट आणि हलकी. हे शब्द एकमेकांच्या जागी जात नाहीत, आणि प्रत्येकाचं क्रियापदही ठरलेलं आहे. झपाझप माणूस चालतो, धावत नाही. ताडताड चालणारा तर रागावलेलाच असतो. नववीतल्या मुलाला ‘तुरुतुरु धावला’ म्हटलं तर तो वर्गात तोंड दाखवणार नाही. बालवाडीतली पोरं चार-पाच वर्षांची असतात, म्हणून त्यांना ‘तुरुतुरु’ बसतो.

पण तिच्या डोळ्यांसमोर एकच मुलगा होता. तो अर्ध्या वाटेत रेषा सोडून बाजूला बसलेल्या आईकडे गेला होता. त्याच्यासाठी ती बराच वेळ थांबली. ‘तुरुतुरु’ तर होताच, पण त्यात आईकडे ओढ घेणं येत नव्हतं. शेवटी तिने क्रियापद बदललं: ‘एक जण तुरुतुरु निघाला तो झेंडे सोडून आईच्या कुशीत शिरला.’ वाट पुन्हा मुख्य क्रियापदात आली, ढब बाजूला, आणि ‘धावणे’ची गरजच उरली नाही.

असं करत तिचा अहवाल पुन्हा लिहून झाला. त्यातला रिलेचा परिच्छेद, तिच्याच शब्दांत:

‘तिसऱ्या बदलापर्यंत आपला संघ तिसरा होता. शेवटची धावपटू खुणेकडे डोळे लावून उभी होती. मैत्रीण खुणेपाशी येताच ती मागे न बघता पळायला लागली. तळव्यात बॅटन पडला आणि ती जी सुटली ती पहिल्या वळणावरच एकीला मागे टाकून. सरळ पट्ट्यात तिने मुसंडी मारली आणि दुसरीच्याही पुढे छाती नेली. दोघींत जेमतेम हातभर अंतर होतं.’

सतराच्या ठिकाणी आता पूर्ण अहवालात ‘धावणे’ पाच वेळा उरलं. त्यातली तीन निकालाच्या ओळींत, जिथे ते असायलाच हवं, कारण तिथे अंतर, नाव आणि वेळ एवढंच वाचायचं असतं. छपाईला जाण्याआधी तिने एक गोष्ट मुद्दाम विचारली. परिच्छेदात ‘पळायला लागली’ तसंच ठेवलं तर चालेल का, की ‘धावू लागली’ करायचं? मी तिला विचारलं, “मैदानावर तू काय ओरडत होतीस?” तिने ‘पळायला’च ठेवलं.